सकाळची जिलबी

"ताई, माझे हात थरथरतात. एक नाइन्टी मारली की वीस मिनिटांत गप्प बसतात. डॉक्टर म्हणाले, हा आजार दारूनं झालेला नाही. मग माझ्यासाठी ते औषधच झालं की! मोजून घेतली तर काय बिघडतं?"

सांगलीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कधी शिंप्यानं विचारलाय, कधी शिक्षकानं, कधी चेकवरची सही जुळत नाही म्हणून बँकेतून परत पाठवलेल्या माणसानं. इथं सांगते ती हकिगत एका सोनाराची. ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत. त्यांना अण्णा म्हणू. वय बावन्न, काम नथी घडवण्याचं. सोन्याच्या तारेत एकेक मोती ओवायचा, तार पिळायची, शेवटी चिमट्यानं टोक दाबून आत घ्यायचं. या कामात हात केसभर हलला तरी मोती निसटतो.

पहिल्या दिवशी वहिनी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "हात कापतात हे नुसतं निमित्त हाय. प्यायचंय म्हणून सांगतात." अण्णा खाली मान घालून बसले. मी वहिनींना थांबवलं आणि म्हटलं, "अण्णा खरं बोलताहेत. दारूनं त्यांचे हात शांत होतात." अण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माणसाच्या अनुभवाला खोटं ठरवून त्याचा विचार बदलता येत नाही, अशी माझी कामाची धारणा आहे. अनुभव आधी मान्य करायचा, मग त्यावर त्यानं बांधलेलं अनुमान दोघांनी मिळून तपासायचं.

अण्णांना झालेला आजार म्हणजे इसेन्शियल ट्रेमर. मांडीवर हात ठेवले की ते शांत असत. कप उचलला, सही करायला घेतली, चिमटा पकडला की थरथर सुरू. पार्किन्सनच्या कंपवातात बहुधा याच्या उलट होतं, हात विसाव्याला असताना जास्त हलतो. अण्णांच्या वडिलांचेही हात असेच कापत. हा आजार पुष्कळदा घराण्यातून येतो.

हालचालीला नेमकेपणा आणणारा लहान मेंदू आणि त्याला जोडलेली केंद्रं यांच्यात या आजारात एक नको असलेला ठेका सुरू राहतो, सेकंदाला साधारण चार ते बारा वेळा. तोच ठेका स्नायूंपर्यंत पोचतो. मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं. दारू त्याचा जोर वाढवते, म्हणून तो ठेका काही काळ मंदावतो. सगळ्यांचा नाही, पण निदान निम्म्या रुग्णांचा मंदावतो. परिणाम पंधरा-वीस मिनिटांत दिसतो आणि दोन-चार तासांत ओसरतो. शिवाय 'गिऱ्हाईक माझा हात बघतंय' या भीतीनं थरथर वाढलेली असते. ती भीतीही पहिल्या घोटांनी बोथट होते.

इथपर्यंत अण्णांचं बरोबर होतं. पुढचं त्यांना मी सांगून पटलं नसतं. म्हणून एक वही दिली आणि म्हटलं, "दोन आठवडे रोज चार जिलब्या काढा. पेननं, हात टेबलाला न टेकवता, आतून बाहेर. सकाळी उठल्यावर, पिण्याआधी, पिऊन वीस मिनिटांनी आणि झोपताना. शेजारी किती घेतली तेही लिहा."

वही आली. पिऊन झाल्यावरच्या जिलब्या गुळगुळीत होत्या. त्या दाखवताना अण्णांचा चेहरा खुलला होता. "बघा ताई, म्हणत होतो न्हवं?" सकाळी सहाच्या जिलब्या मात्र करवतीच्या दात्यांसारख्या होत्या. त्यावर त्यांचं उत्तर तयार होतं: "म्हणून तर दुकान उघडायच्या आधी एक नाइन्टी लागते. आजार वाढलाय."

मी एकच विचारलं. "तीन वर्षांपूर्वी, रोजची सुरू व्हायच्या आधी, सकाळी हात कसे असायचे?"

"सकाळी? सकाळी बरे असायचे की. मोती मी सकाळीच ओवायचो..."

वाक्य तिथंच तुटलं. मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाला बोलायची फार घाई होते, आणि मी ती आवरायला वर्षानुवर्षं शिकले आहे. पुढच्या भेटीला अण्णा स्वतःहून दुकानाची जुनी ऑर्डरची वही घेऊन आले. तीन वर्षांपूर्वी सकाळी लिहिलेली पानं त्यांनी उघडली. अक्षर थोडं नागमोडी होतं, पण प्रत्येक आकडा वाचता येत होता. शेजारी यंदाचं पान ठेवलं. त्यातलं वजन त्यांचं त्यांनाच लागेना. बराच वेळ ते दोन्ही पानांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "हा बापाचा हात न्हाई. हा दुसराच आलाय."

तिथं मलाही एक गोष्ट लख्ख दिसली. अण्णांच्या हातात दोन थरथरी राहत होत्या आणि ते दोन्हींना एकच नाव देत होते.

दारू रोज शांत करते म्हटल्यावर मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू उतरली की ती उत्तेजना मोकळी सुटते. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम येतो, छाती धडधडते. अण्णा रात्री नऊला थांबत आणि सहाला उठत. सकाळच्या नाइन्टीनं जी थरथर जायची, ती आदल्या रात्रीच्या दारूनंच आणलेली होती. दरम्यान मेंदू सरावल्यामुळे तेवढाच परिणाम मिळायला जास्त लागू लागली. साठपासून सुरुवात झाली होती, वहीत संध्याकाळची क्वार्टर आणि सकाळची नाइन्टी दिसत होती. वर्षानुवर्षं असंच चाललं तर दारू त्या लहान मेंदूलाच इजा करते. मग चालीचा तोलही जातो.

अण्णा म्हणाले, "उद्यापासून बंद." मी म्हटलं, "उद्यापासून नको." रोज इतकी पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, भ्रम होऊन जिवावर बेतू शकतं. मिरजेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना दाखल केलं, औषधांच्या आधारानं दारू उतरवली.

काही आठवड्यांनी जी थरथर उरली ती त्यांची खरी थरथर. आता मेंदूविकारतज्ज्ञांना तिचा अंदाज घेता आला. थायरॉइड तपासलं. या आजारात बऱ्याचदा प्रोप्रॅनोलॉल देतात, पण अण्णांना दमा होता आणि दम्यात ते श्वास कोंडू शकतं. शेजाऱ्यानं दिलेली तीच गोळी अण्णांच्या खिशात होती, हे तेव्हा कळलं. त्यांना रात्रीची प्रिमिडोनची लहान मात्रा सुरू झाली. पहिले काही दिवस गुंगी होती. या औषधावर दारू घेतली तर शुद्ध आणि श्वास दोन्ही धोक्यात येतात, हे डॉक्टरांनी वहिनींच्या समोर सांगितलं. गोळीनं थरथर कमी होते, सहसा पूर्ण जात नाही, हेही सांगितलं.

माझ्याकडे राहिली ती 'गिऱ्हाईक माझा हात बघतंय' ही भीती. अण्णांनी थरथरीचं स्वतःच आधी बोलून टाकायचं ठरवलं: "हात कापतो बघा आमच्या घराण्यात. नथ मात्र नीट होणार." दोन्ही कोपरं लाकडी ठोकळ्यावर टेकवून ते काम करू लागले. सगळ्यात बारीक मोती आता मुलगा ओवतो.

परवा वही दाखवायला आले होते. जिलबीला अजून दाते आहेत. सकाळची कोणती आणि संध्याकाळची कोणती, ते मला तारीख-वेळ वाचल्याशिवाय ओळखता आलं नाही.