डिपॉझिट परत मागायचं पत्र कसं लिहायचं

प्रश्न: लातूरचा फ्लॅट सोडून दोन महिने झाले, मालक 30,000 डिपॉझिट द्यायला तयार नाहीत, सगळं रंगकामात गेलं म्हणायलेत. शेवटचं लाइट बिल 1,140 माझ्याकडं राहिलंय ते मान्य आहे. अ‍ॅग्रीमेंट नुसतं बॉन्डवर नोटरी केलेलं, रजिस्टर नाही. लेटर पाठवून काही उपयोग होईल का?

उत्तर: होईल भाऊ, आणि रजिस्टर नाही म्हणून घाबरू नका. आपल्याकडं बहुतेक घरं अशीच बॉन्डवर दिली जातात आणि भाडेकरूला वाटतं आपलीच बाजू लंगडी. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 बघा. करार लेखी करून रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची आहे, आणि तो केला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो तेच धरलं जातं, उलट सिद्ध करायचं तर ते मालकानं करायचं. म्हणून पत्रात हे कलम नावानिशी लिहाच.

पत्र एका पानाचं ठेवा, राग त्यात आणू नका. पहिल्यांदा चावी कोणत्या तारखेला, कोणाच्या हातात दिली ते लिहा, कारण बरेच मालक नंतर म्हणतात ताबाच मिळाला नाही, भाडं चालूच आहे. चावी दिल्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज असेल तर प्रिंट जोडा, डिपॉझिट दिल्याची बँक एंट्री पण जोडा.

मग हिशोब. तुमचं 1,140 स्वतःहून वजा करा, म्हणजे मागणी 28,860 ची. देणं आहे ते आधीच कबूल केलेलं असलं की बाकीची मागणी खरी वाटते. रंगाचं असं लिहा: "राहण्याच्या नेहमीच्या वापराने भिंतीचा रंग उतरणे हे नुकसान नव्हे. याव्यतिरिक्त नुकसान झाले असल्यास फोटो व पक्की बिले द्यावीत." करारात रंगाचा खर्च भाडेकरूचा असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मात्र हा मुद्दा कमजोर पडतो, आधी बॉन्ड नीट वाचा.

शेवटी 15 दिवसांची मुदत, तुमचा खाते क्रमांक, आणि हे वाक्य विसरू नका: "मुदतीत रक्कम न मिळाल्यास या पत्राच्या तारखेपासून व्याज मागितले जाईल." व्याज कायदा 1978 प्रमाणं अशी लेखी सूचना दिली तर कोर्ट त्या तारखेपासून व्याज देऊ शकतं. उगं 24 टक्के लिहू नका, बँकेच्या ठेवीच्या आसपासचा दर लिहा.

पत्र स्पीड पोस्टानं पोचपावतीसह पाठवा, सही केलेली कॉपी आणि पावती जपा. घ्यायला नकार दिला तर परत आलेला लिफाफा फोडू नका, तोच पुरावा. पोलिसात जायचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा दिवाणी प्रकरण म्हणून परत पाठवतात. 15 दिवसांत काही झालं नाही तर लातूरच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथं दाखलपूर्व लोकअदालतीसाठी अर्ज द्या, फी लागत नाही. ते मालकाला नोटीस काढून बोलावतात. मालक आलेच नाहीत किंवा तडजोड झाली नाही तर मग दिवाणी दावा, त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण तोपर्यंत थांबू नका.