‘दाखवा-सांगा’: पाठ केलेली चार वाक्यं आणि गप्प उभी मुलं

प्रश्न: मी मराठी माध्यमाच्या शाळेत मोठ्या शिशुला शिकवते. वर्गात 24 मुलं आहेत. दर शुक्रवारी ‘शो अँड टेल’ घेते, पण निम्मी मुलं आईनं पाठ करून दिलेलं म्हणून दाखवतात आणि निम्मी वस्तू धरून गप्प उभी राहतात. वाक्यांची सुरुवात करून द्यायची तर कोणती द्यावी? आणि बोलण्याची नोंद ठेवायला सोपा तक्ता कसा करावा?

उत्तर:

आधी शुक्रवार सोडा. 24 मुलांना अडीच-अडीच मिनिटं दिली तरी एक तास जातो, आणि सहाव्या-सातव्या मुलानंतर ऐकणारं कोणी उरत नाही. मी सोमवार ते गुरुवार रोज तीनच मुलं घेते, हजेरी झाली की लगेच, पंधरा मिनिटं. आठवड्याला बारा, म्हणजे दोन आठवड्यांत वर्गाची एक फेरी पूर्ण. शुक्रवार मोकळा ठेवायचा, जो गैरहजर होता किंवा ज्याची पिशवी घरीच राहिली त्याच्यासाठी. डबा खाल्ल्यावर मात्र घेऊ नका, तेव्हा अर्धा वर्ग पेंगतो.

पाठांतराचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच चिठ्ठीत असतं. मीही पूर्वी वहीत लिहून पाठवायचे, ‘वस्तूबद्दल चार वाक्यं तयार करून घ्यावीत.’ मग आया चार वाक्यं तयार करून घेणारच. पाठांतर ओळखायचं असेल तर मध्येच एक प्रश्न विचारून बघा. पाठ केलेलं मूल अडतं आणि पाढा चुकल्यासारखं पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करतं. आता माझ्या चिठ्ठीत तीनच गोष्टी असतात. वस्तू मूल निवडेल, काही पाठ करून घेऊ नका, आणि विकत आणलेलं खेळणं नको, घरात कामाला येणारी किंवा बाहेर सापडलेली वस्तू द्या. धारदार आणि काचेचं नको हे वेगळं लिहावं लागतं. एकदा एकीनं अडकित्ता आणला होता.

खेळणं का नको? एक तर त्यात कोणाचं महाग, कोणाचं स्वस्त हे सुरू होतं. पण खरं कारण बोलण्याचं आहे. ‘गाडी आहे, लाल आहे, मला आवडते’ इथे विषय संपतो. रवी, गाळणं, पोळपाट, कुलूप-किल्ली यांच्याबरोबर क्रियापदं येतात: घुसळतात, गाळतात, लाटतात, फिरवलं की उघडतं. हात हलले की तोंडही हलतं. 1945 साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं तेव्हा शंख-शिंपले, बिया, काड्या हेच मुलांचं साहित्य होतं. तिथे ती गरज होती, पण बोलतं करायला आजही तेच जास्त उपयोगी पडतं असं माझं मत आहे.

आता वाक्यांची सुरुवात. इंग्रजी शाळांत ‘धिस इज माय’ एवढं शिकवलं की कुठलीही वस्तू त्यात बसते. आपण त्याचं ‘हे माझं’ करतो आणि तिथेच फसतो. एरवी बिनचूक ‘माझा भोवरा’ म्हणणारं मूल फलकावरचं ‘हे माझं’ म्हणायच्या नादात ‘हे माझं भोवरा’ म्हणतं. म्हणजे जे त्याला येत होतं ते आपणच बिघडवलं. हा माझा, ही माझी, हे माझं अशा तीन पट्ट्या लावल्या तर मूल वस्तू विसरून लिंग शोधत बसतं. म्हणून मराठीत सुरुवात अशी हवी, जिच्यापुढे कुठलंही नाम चालेल. मी एवढीच वापरते:

माझ्या पिशवीत … आहे.
आधी …, मग ….
… म्हणून.

पहिल्यात भोवरा, शिट्टी, गाळणं काहीही येऊ द्या, बाकी वाक्य बदलत नाही. दुसरं कामाच्या वस्तूंसाठी. ‘आधी पाणी घालतात, मग पीठ मळतात’ हे पाच वर्षांच्या मुलाला सहज जमतं, कारण ते त्यानं रोज पाहिलेलं असतं. तिसरं ही खरं तर सुरुवात नाहीच, शेपूट आहे. मी आधी ‘मला आवडतं कारण…’ शिकवायचे आणि मुलं ‘कारण मला आवडतं’ म्हणून गोल फिरून तिथेच यायची. मग लक्षात आलं की घरी ही मुलं ‘कारण’ फारसं म्हणतच नाहीत. ती म्हणतात, ‘आजीनं दिला म्हणून’, ‘पाऊस होता म्हणून’. मराठीत कारण आधी येतं आणि ‘म्हणून’ मागून. तेव्हा मी विचारते, ‘हेच का आणलंस?’ आणि मूल शेपूट जोडतं.

तिन्ही एकदम देऊ नका. पहिल्या फेरीत फक्त पिशवी, दुसरीत आधी-मग, तिसरीत म्हणून. मुलांना वाचता येत नाही, त्यामुळे मी पुठ्ठ्यावर चित्रं काढलीत: पिशवी, दोन पावलं आणि लांब शेपटीचं माकड. मूल अडलं की बोलायचं नाही, नुसतं पुठ्ठ्यावर बोट ठेवायचं. आणि एखाद्यानं आपणहून ‘बाई, काल ना…’ अशी सुरुवात केली तर त्याला पिशवीच्या वाक्यावर ओढून आणू नका. त्याला आता पुठ्ठ्याची गरज उरलेली नाही.

पहिल्या आठवड्यात मुलांना उभंच करू नका, स्वतः करून दाखवा. एक दिवस मुद्दाम चुकीचं करा. मी गाळणं तोंडासमोर धरून पुटपुटते. ‘बाई, तुमचं तोंडच दिसत नाही!’ असा ओरडा झाला की वस्तू कुठे धरायची हे शिकवायची गरज राहत नाही.

गप्प मुलाचं एक उदाहरण सांगते. त्याला इथे बंड्या म्हणू. पहिल्या फेरीत त्यानं चिठ्ठी न जुमानता गाडीच आणली आणि हनुवटी छातीला लावून उभा राहिला. ‘बोल ना, बोल’ केलं की असं मूल आणखी मिटतं. मी मनात पाचपर्यंत मोजलं, मग विचारलं, ‘पिशवीत गाडी आहे की चेंडू?’ ‘गाडी.’ बस, त्या दिवशी तेवढंच, आणि खाली बसवलं. दुसऱ्या फेरीत चकलीचा सोऱ्या आणला. ‘पिशवीत सोऱ्या आहे’ इतकं बारीक आवाजात म्हणाला आणि अडला. मी पावलांवर बोट ठेवलं. त्यानं सोऱ्याचं झाकण काढलं आणि म्हणाला, ‘आधी पीठ कोंबतात. मग असं असं फिरवायचं.’ मागून कोणीतरी विचारलं, ‘काय होतं मग?’ ‘चकली!’ हा शेवटचा शब्द दारापर्यंत ऐकू गेला. तिसऱ्या फेरीत त्यानं आणली अंकुर फुटलेली आंब्याची कोय, घासून केलेली पिपाणी. ‘बाई, काल ना, आमच्या मागं कोय उगवली. दादानी घासली ना, म्हणून वाजते.’ (पुढचे दोन दिवस वर्गात कोयीच कोयी. वाजवणं पटांगणात ठेवा.)

ऐकणाऱ्यांनाही काम लागतं. प्रत्येक बोलणाऱ्याला दोन प्रश्न, पण मुलं हात वर करून प्रश्न विचारत नाहीत, ‘माझ्याकडेपण आहे’ सांगतात. एकानं सांगितलं की दहा जण सांगतात. त्यासाठी आम्ही खूण ठरवलीय: तुझ्याकडेही असेल तर छातीवर हात ठेव, बोलू नकोस. प्रश्नासाठी कोणी, कुठे, कसं, कशाला यांपैकी एका शब्दानं सुरुवात करायची. हे बसायला महिना लागतो, धीर धरा.

नोंदीसाठी सगळ्या वर्गाचा एकच मोठा कागद, उभी नावं आणि आडवे पाच रकाने:

वस्तू सगळ्यांना दिसेल अशी धरली
शेवटच्या रांगेत ऐकू आलं
निदान दोन वाक्यं बोललं
का किंवा कसं ते सांगितलं
ऐकणाऱ्या मुलांच्या एका प्रश्नाचं उत्तर दिलं

आपणहून केलं तर पूर्ण खूण, पुठ्ठ्याच्या किंवा माझ्या मदतीनं केलं तर अर्धी, नाही तर रिकामं. गुण नाहीत, श्रेणी नाही. बंड्याचा पहिला दिवस म्हणजे पाचही घरं रिकामी, एक शब्द मिळाला त्याला यात जागाच नाही. म्हणून सहावा रकाना हवा: मूल बोललं त्यातलं एक वाक्य, जसंच्या तसं, तारखेसह. तिथे मी ‘गाडी’ लिहिलं. बोलणं चालू असताना खुणा करत बसू नका, मुलं कागदाकडे बघायला लागतात. तिघं झाली की दोन मिनिटांत भरून टाका.

कागद आडवा वाचण्याआधी उभा वाचा. मागच्या वर्षी ‘शेवटच्या रांगेत ऐकू आलं’ या रकान्यात निम्म्याहून जास्त घरं रिकामी होती. म्हणजे दोष मुलांचा नव्हता. त्यांना पंख्याखाली उभं करत होते. जागा बदलली आणि शेवटच्या रांगेतल्या एकाला ‘ऐकू आलं’ म्हणून हात वर करायचं काम दिलं, रकाना भरत गेला.

काही रकाने मी मुद्दाम काढले. ‘आत्मविश्वास’ दिसत नाही, तो आपण मुलाच्या चेहऱ्यावर कल्पतो. ‘डोळ्यात बघून बोलतो’ हेही काढलं, कारण सोऱ्या फिरवणारं मूल सोऱ्याकडेच बघणार. आणि ‘शुद्ध उच्चार’ तर नकोच. मराठवाड्यातून आलेलं मूल ‘मह्या पिशवीत’ म्हणालं तरी पूर्ण खूण. या वयात ‘र’ला ‘ल’ म्हणणारीही बरीच असतात.

पण तक्त्याची मर्यादा लक्षात ठेवा. पाच वर्षांच्या मुलाचं बहुतेक बोलणं आपल्याला कळतच नसेल, तर आईवडिलांना आधी कान तपासून घ्यायला आणि मग वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जायला सांगा. घरी धो धो बोलणारं मूल शाळेत रुळल्यावरही महिनाभराहून जास्त काळ एक शब्द बोलत नसेल, तर त्याला पुढे उभं करणं थांबवा, जागेवरून नुसती वस्तू दाखवू द्या आणि त्याबाबतही तज्ज्ञांचा सल्ला घ्यायला सुचवा.

पालकसभेत मी खुणा दाखवत नाही, सहावा रकाना वाचून दाखवते. बंड्याच्या आईला वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, ‘ती कोय होय? अहो बाई, मी ती दोनदा केरात टाकली होती.’