बाजेचे विणकाम सैल पडल्यास काय करावे?

प्रश्न: सुती दोरीची बाज मध्ये झोळीसारखी लोंबते आणि दोन-तीन दोऱ्या विरल्या आहेत. पूर्ण नव्याने विणावी लागेल का?

उत्तर: बहुधा नाही. विणकाम पायथ्याकडे एका आडव्या दोरीवर संपते आणि तिथून पायथ्याच्या दांडीपर्यंत ताणाची दोरी नागमोडी ओवलेली असते. बाज आवळायची ती याच दोरीने. मात्र आधी विरलेल्या दोऱ्या बदलाव्यात, कारण ताण देताच त्या तुटतात. ताणाची दोरी थोडी सैल करून विरलेला भाग चौकटीजवळ कापावा, त्याच्या टोकाला तेवढ्याच जाडीची नवी दोरी शिवून जुनी ओढत न्यावी, म्हणजे नवी आपोआप त्याच वर-खालच्या वाटेने जाते. गाठी खालच्या बाजूस, चौकटीलगत ठेवाव्यात.

मग ताणाच्या दोरीची बांधलेल्या टोकाकडून सुरुवात करून प्रत्येक वेढा क्रमाने ओढावा आणि सैलपणा मोकळ्या टोकाकडे सरकवत न्यावा. एकाच वेढ्यावर सारा जोर लावल्यास आडवी दोरी तिरकी होते. सुती दोरी ओली असताना आखडते व वाळल्यावर पुन्हा सैल पडते, म्हणून हे काम कोरड्या दोरीवरच करावे. आडवी दोरी दांडीला टेकू लागली, तर मात्र ताणायला जागाच उरत नाही आणि बाज नव्याने विणावी लागते.