संत्र्याच्या चार फोडी: छोट्या शिशूसाठी वाटून खाण्याची गोष्ट, पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींसह

प्रश्न: ज्युनियर केजीच्या मुलांना (४ ते ५ वर्षे) सांगायला ‘वाटून घेणे’ या विषयावर छोटीशी गोष्ट हवी आहे. एकच ओळ पुन्हा पुन्हा यावी, म्हणजे मुलंही सोबत म्हणतील. शेवटी सोपे प्रश्नही हवेत. कोणी सुचवेल का?

उत्तर: आधी गोष्ट देते, मग ती कशी सांगायची ते लिहिते.

खारुताईचं संत्रं

खारुताईला झाडाखाली सापडला संत्र्याचा तुकडा.
तिने फोडी मोजल्या. एक, दोन, तीन, चार!
“वा! आता मी सगळ्या फोडी खाणार.”

इतक्यात आली चिमणी. भुर्रर्र!
“खारुताई, खारुताई, काय गं खातेस?
एक फोड मला पण देतेस?”
खारुताईने फोडींकडे पाहिलं. चिमणीकडे पाहिलं. आणि म्हणाली,
“घे एक फोड, गोड गोड गोड!
वाटून खाऊ, मिळून खाऊ!”
चिमणी बसली खारुताईजवळ. उरल्या फोडी तीन.

इतक्यात आला ससा. टुणटुण!
“खारुताई, खारुताई, काय गं खातेस?
एक फोड मला पण देतेस?”
“घे एक फोड, गोड गोड गोड!
वाटून खाऊ, मिळून खाऊ!”
ससा बसला चिमणीजवळ. उरल्या फोडी दोन.

इतक्यात आलं माकड. धप्प!
“खारुताई, खारुताई, काय गं खातेस?
एक फोड मला पण देतेस?”
“घे एक फोड, गोड गोड गोड!
वाटून खाऊ, मिळून खाऊ!”
माकड बसलं सशाजवळ. उरली फोड एक. ती खारुताईची.

इतक्यात आली मुंगी. हळूहळू, हळूहळू.
“खारुताई, खारुताई, काय गं खातेस?
एक फोड मला पण देतेस?”
अरेच्चा! फोड तर एकच!
खारुताईने फोडीचे केले दोन तुकडे.
“घे अर्धी फोड, गोड गोड गोड!
वाटून खाऊ, मिळून खाऊ!”
मग सगळ्यांनी मिळून संत्रं खाल्लं. मिटक्या मारत!

या वयासाठी वाटून घेण्याच्या गोष्टी लिहिताना बरेचदा “माझं आहे, मी नाही देणार!” ही ओळ चार वेळा येते आणि शेवटी एकदाच सुधारणा होते. मुलांना लक्षात राहतं ते चार वेळा म्हटलेलं. मग खेळघरात आठवडाभर तेच ऐकू येतं, तेही ठसक्यात. म्हणून घोळवायची ओळ ही मुलांच्या तोंडी बसावीशी वाटणारी हवी. हट्टाचं वाक्य या गोष्टीत एकदाच येतं आणि लगेच मागे पडतं. दुसरं म्हणजे देणाऱ्याच्या हातात शेवटी काहीतरी उरलं पाहिजे. सगळं देऊन खारुताई उपाशी राहिली, तर वाटणं म्हणजे आपलं जाणं, असं मुलं धरून बसतात.

सांगण्यासाठी नारिंगी कार्डपेपरच्या तळहाताएवढ्या चार फोडी कापून घ्या. चौथी मधोमध आधीच दुमडून ठेवा, म्हणजे ऐन वेळी सरळ दोन तुकडे होतील. चिमणी, ससा, माकड, मुंगी यांची चित्रं काड्यांना चिकटवा. दरवेळी फोड प्रत्यक्ष त्या चित्रापुढे ठेवा आणि उरलेल्या फोडी मुलांना मोजू द्या. ‘उरल्या तीन’ हे नुसतं ऐकून बहुतेकांना कळत नाही, पण समोर दिसल्यावर कळतं.

पहिल्या दिवशी चिमणीच्या वेळी दोन्ही ओळी तुम्हीच म्हणा, “घे” म्हणताना हात पुढे करून. सशाच्या वेळी “घे एक फोड, गोड गोड...” इथे थांबा आणि मुलांकडे बघा. दोन-तीन सेकंद शांतता राहू द्या, घाई करून स्वतः पूर्ण करू नका. माकडाच्या वेळी बहुतेक मुलं ओळ आपणहून उचलतात. मुंगीच्या वेळी आवाज एकदम हळू करा, कारण तिथे ‘एक’ऐवजी ‘अर्धी’ येतं. मुलं सवयीने “एक फोड” म्हणतीलच. रागवू नका, फक्त हातातली एकुलती फोड दाखवा. कुणीतरी “पण एकच आहे!” म्हणेल, आणि गोष्ट कळू लागल्याची ती खूण.

गोष्ट चार-पाच मिनिटांत संपते. ओळींत शब्द बदलू नका. ‘गोड गोड गोड’ऐवजी एखाद्या दिवशी ‘छान छान छान’ म्हटलंत, तर सोबत म्हणणारी मुलं अडखळतात आणि गप्प होतात. सलग तीन दिवस तीच गोष्ट सांगा आणि प्रश्न वाटून घ्या.

पहिला दिवस, बोट दाखवून उत्तर:
१. खारुताईला काय सापडलं?
२. सगळ्यात आधी कोण आलं?

दुसरा दिवस, क्रम आणि मोजणी:
३. सशानंतर कोण आलं?
४. मुंगी आली तेव्हा किती फोडी होत्या?
५. माकडाने केळं मागितलं का?

तिसरा दिवस, विचाराचे:
६. खारुताईने शेवटच्या फोडीचे तुकडे का केले?
७. माकडाला अख्खी फोड, मुंगीला अर्धी. चालेल का?

पाचवा प्रश्न मुद्दाम चुकीचा ठेवलाय. “खारुताईने फोड दिली ना?” असं विचारलं की सगळा वर्ग “होऽऽ” म्हणतो आणि कुणाला कळलं, कुणाला नाही, हे समजतच नाही. चुकीच्या प्रश्नालाही “होऽऽ” आलं, तर पुढच्या दिवशी चित्रं घेऊन गोष्ट पुन्हा सांगा. शिवाय प्रश्न एकेका मुलाला विचारा. एकसुरात आलेलं उत्तर दोन-तीन बोलक्या मुलांचं असतं. न बोलणाऱ्या मुलाला “चिमणी दे बरं माझ्याकडे” म्हणा. चित्र उचलून देणं हेही उत्तरच.

‘का’ला मुलं गप्प बसली तर दोन पर्याय द्या: “फोड मोठी होती म्हणून, की एकच उरली होती म्हणून?” बरोबर पर्याय दरवेळी शेवटी ठेवू नका, कारण मुलं शेवटचा ऐकलेला शब्दच पुन्हा म्हणतात. सातव्या प्रश्नाला एक उत्तर नाही. “मुंगी छोटी आहे, तिचं पोट भरेल” हेही बरोबर आणि “नाही, तिला पण अख्खी हवी” हेही बरोबर. “का बरं?” एवढंच विचारा.

गोष्टीनंतर खरं संत्रं आणणार असाल तर बिया काढा, फोडी या वयाला लहान करून द्या आणि संत्र्याची ॲलर्जी कुणाला आहे का ते पालकांना आधी विचारा. मोसंबी नको, तिच्या फोडी हाताने नीट सुट्या होत नाहीत.

एक मर्यादा आहे. ही गोष्ट खाऊसाठी चालते, तीनचाकी सायकलसाठी नाही. फोडीचे दोन तुकडे होतात, सायकलचे होत नाहीत. सायकलवरून भांडण झालं की “वाटून खाऊ” म्हणून उपयोग नाही. तिथे पाळी लागते. त्यासाठी हीच खारुताई, हेच मित्र आणि एक झोका घ्या. मागणाऱ्याची ओळ ठेवा “खारुताई, खारुताई, कधी गं उतरतेस?” आणि खारुताईची “दहा झोके माझे, मग दहा झोके तुझे!” झोके वर्गाकडून मोठ्याने मोजून घ्या, म्हणजे वाट बघणाऱ्यालाही काम मिळतं.