गोठलेल्या तळ्यात मासे जगतात कसे?

प्रश्न : "श्रीनगरचं दल सरोवर गोठल्याचे फोटो पाहिले. थंडी तर वरून येते, मग पाणी तळापर्यंत गोठून मासे मरत कसे नाहीत? बर्फ तरंगतो एवढंच त्याचं कारण आहे का?"

बर्फ तरंगतो हे अर्धे कारण झाले. उरलेले अर्धे 4 अंश सेल्सिअस या तापमानात दडलेले आहे, कारण पाणी सर्वांत जड तिथे असते, 0 अंशाला नव्हे.

आपल्या मुंबईच्या घरात फ्रीजरमधला ट्रे काठोकाठ भरून ठेवला, तर सकाळी प्रत्येक खड्याच्या मधोमध उंचवटा आलेला दिसतो. गोठताना पाण्याचा प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांशी बांधला जाऊन षटकोनी, पोकळ जाळी तयार होते, त्यामुळे 100 घनसेंटिमीटर पाण्याचा साधारण 109 घनसेंटिमीटर बर्फ होतो आणि तो हलका पडतो. ही जाळी बांधण्याची ओढ गोठण्याच्या थोडी आधीच सुरू होते, म्हणून 4 अंशांच्या खाली गेलेले पाणीही प्रसरण पावू लागते.

आता दहा मीटर खोल, गोड्या पाण्याचे एक तळे घ्या. हिवाळा लागला की पृष्ठभागाचे पाणी गार होऊन जड होते व खाली बसते, खालचे ऊबदार पाणी वर येते, आणि सगळे तळे 4 अंशांवर येईपर्यंत ही घुसळण चालते. पुढे मात्र वरचे पाणी 3, 2, 1 अंश असे गार होताना हलके होत जाते, त्यामुळे ते वरच राहते आणि तिथेच गोठते. तळाशी 4 अंशांच्या आसपासचे पाणी राहते आणि मासे तिथे जवळजवळ निश्चल होऊन थांबतात. वरचा बर्फ पांघरुणाचे काम करतो, कारण नवा थर गोठण्यासाठी उष्णता त्याच्यातूनच बाहेर पडावी लागते. हवा तेवढीच थंड राहिली, तर जाडी दुप्पट झाल्यावर वाढीचा वेग साधारण निम्मा होतो. समुद्राला 4 अंशांचा नियम लागू नाही, कारण तेवढे खारट पाणी गोठेपर्यंत जडच होत जाते.

घरी पडताळायचे असेल, तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाणी भरून वर बर्फ सोडावा आणि न हलवता तळाशी थर्मामीटर धरावा. तळाचा पारा 4 अंशांच्या आसपास येऊन बराच वेळ रेंगाळतो.

तरीही गोठलेल्या तळ्यात मासे मरतात, आणि ते बहुधा थंडीने नव्हे, तर प्राणवायू संपल्याने. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो आणि माशांची गरजही कमी झालेली असते. पण बर्फामुळे हवेशी संपर्क तुटतो, आणि त्यावर हिमाचा जाड थर साचला की उजेड अडून पाणवनस्पतींकडून मिळणारा प्राणवायूही थांबतो. तळाचा कुजणारा गाळ मात्र तो शोषतच राहतो. उथळ, गाळाच्या तळ्यात साठा लवकर संपतो. बर्फाला भोक पाडताच मासे तिथे गर्दी करत असतील आणि पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर वेळ थोडा उरलेला असतो. म्हणून थंड प्रदेशांत तळी सांभाळणारे लोक बर्फ फोडत बसण्यापेक्षा त्यावरचे हिम पट्ट्यापट्ट्याने झाडून काढतात, म्हणजे बर्फातून उजेड आत पोहोचतो.