वायदा दर: भाकीत नव्हे, करार

प्रश्न: रोख्यांवरच्या एका मराठी लेखात वाक्य होतं, 'बूटस्ट्रॅपिंग करून स्पॉट रेट काढले असता दोन वर्षांनंतरचा एक वर्षाचा भावी दर ८.१२ टक्के येतो.' उदाहरणातले रोखे तर ६, साडेसहा आणि ७ टक्क्यांचे होते. बूटस्ट्रॅपिंगला मराठीत काय म्हणायचं? आणि 'भावी दर' म्हणजे दोन वर्षांनी व्याजदर ८.१२ टक्के होणार असंच ना?

नाही, अजिबात नाही. घोळ तुम्ही घातलेला नाही, 'भावी' या विशेषणानं घातलाय. भावी वधू, भावी मुख्यमंत्री, भावी दर: तिन्हींत काहीतरी घडणार असल्याची चाहूल लागते आणि वाचणारा बिचारा ती खरी मानतो. बाजारपेठेत चांगला रुळलेला शब्द हाताशी असताना भाषांतरकारांना हा कुठून सुचला, देव जाणे. त्या शब्दाकडे येतोच.

आधी बूटस्ट्रॅपिंग उरकतो. बूट ओढून पायात चढवायला त्याच्या मागे जी पट्टी शिवलेली असते ती बूटस्ट्रॅप. ती धरून स्वतःलाच उचलणं ही एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी इंग्रजीत अशक्यप्राय गोष्टीची थट्टा होती. या ठिकाणी मुन्शहाउझेन नावाच्या थापाड्या सरदाराची गोष्ट सांगायची प्रथा आहे, तीही चुकीची. तो दलदलीतून वर आला तो स्वतःची शेंडी धरून. बुटाचा तिथे संबंध नाही. शिवाय रोख्यांच्या गणितात अशक्य असं काही नसतं, कारण पहिला आकडा बाजारात उघड मिळतो आणि पुढचे त्याच्या आधारानं निघतात. मराठी हवंच असेल तर 'टप्प्याटप्प्यानं उकल' म्हणा. मुंबईतल्या कुठल्याही डीलिंग रूममध्ये मात्र बूटस्ट्रॅपिंगच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही.

खरी किल्ली दुसऱ्याच शब्दात आहे: कूपन. फ्रेंचमध्ये 'कुपे' म्हणजे कापणं, त्यातून कूपन. जुन्या कागदी रोख्यांच्या कडेला व्याजाच्या चिठ्ठ्या छापलेल्या असत. तारीख आली की कात्रीनं एक चिठ्ठी कापायची, ती द्यायची, व्याज घ्यायचं. म्हणजे रोखा हा मुळातच कापण्याजोगा पदार्थ. तीन वर्षांचा रोखा दिसायला एक, पण आत तीन वेगवेगळ्या तारखांना मिळणाऱ्या तीन रकमा. प्रत्येक चिठ्ठी सुटी विकली तर आज तिचे किती येतील, एवढंच बूटस्ट्रॅपिंग शोधतं.

तुमच्या लेखातले आकडे घेऊन कात्री चालवू. आपले सरकारी रोखे सहामाही व्याज देतात, पण सोय म्हणून वर्षातून एकदा धरू. एक वर्षाचं ट्रेझरी बिल ९४.३४ रुपयांना मिळतं आणि वर्षअखेर १०० देतं. त्याला कूपन नाही, त्यामुळे उकलायचं काहीच नाही: वर्षानं मिळणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत ०.९४३४, दर ६ टक्के. दोन वर्षांचा साडेसहा टक्क्यांचा रोखा बरोबर १०० ला आहे. त्याची पहिली चिठ्ठी साडेसहा रुपयांची, वर्षानं मिळणारी. तिची किंमत आता आपल्याला ठाऊक आहे, ६.१३. ती शंभरातून वजा केली की ९३.८७ उरतात. म्हणजे दुसऱ्या वर्षअखेरीच्या १०६.५० रुपयांना बाजार आज ९३.८७ देतोय. भागाकार केला की दोन वर्षांनंतरच्या रुपयाची किंमत ०.८८१४ येते आणि तिचा वार्षिक दर ६.५२ टक्के. तीन वर्षांच्या ७ टक्क्यांच्या रोख्यालाही हेच करायचं. १०० मधून पहिल्या दोन चिठ्ठ्यांचे १२.७७ काढा, उरलेल्या ८७.२३ ला १०७ नं भागा. रुपयाची किंमत ०.८१५२, दर ७.०५ टक्के. हे तीन दर म्हणजेच तुमच्या लेखातले स्पॉट रेट.

इथे आणखी एका गैरसमजावर चिडून घेतो. 'तीन वर्षांचं यील्ड ७ टक्के, म्हणजे तीन वर्षांचा दर ७ टक्के' हे मी जाणत्यांच्या तोंडून ऐकलंय. यील्ड टू मॅच्युरिटी हा तिन्ही चिठ्ठ्यांना एकच दर लावून काढलेला मेळ आहे. वर्षानं मिळणारे ७ रुपयेही तो ७ टक्क्यांनीच मोजतो, जेव्हा बाजार वर्षाच्या पैशाला ६ च टक्के देतोय. पहिल्या चिठ्ठ्या अशा स्वस्तात मोजल्या की ती कसर शेवटच्या रकमेवर निघते, म्हणून तीन वर्षांचा निव्वळ दर ७ नसून ७.०५.

आता माझा लाडका शब्द. स्पॉटला आपल्या बाजारात 'हजर' म्हणतात आणि फॉरवर्डला 'वायदा'. तुमच्या लेखातला 'भावी दर' म्हणजे हाच फॉरवर्ड रेट. कापूस, हळद यांचे हजर भाव आणि वायद्याचे भाव वर्तमानपत्रात शेजारीशेजारी छापून येतात. मुंबईत कापसाचे संघटित वायदे १८७५ मध्येच सुरू झाले होते. मग तोच व्यवहार व्याजदराचा झाला की 'हजर दर' आणि 'वायदा दर' म्हणायला जीभ का अडते? हजर शब्द अरबी; हजेरी आणि हुजूर त्याच कुटुंबातले. पण वायदा त्याहून रसाळ. त्याचं अरबी मूळ वचन देण्याचं, आणि त्याच मुळातून 'मियाद' निघाला, म्हणजे ठरवून दिलेली मुदत. हिंदीत टायफॉइडला मियादी बुखार म्हणतात तो हाच, आपला मुदतीचा ताप. म्हणजे ठरलेली तारीख आणि दिलेला शब्द, दोन्ही एकाच धातूच्या पोटात! फॉरवर्ड कराराची याहून नेमकी व्याख्या मला माहीत नाही. इंग्रजी फॉरवर्डमध्ये नुसतं 'पुढे' आहे, वचन नाही. माझं तर ठाम मत आहे की इंग्रजीतूनच अर्थशास्त्र शिकणारी माणसं फॉरवर्ड रेटला भविष्यवाणी समजतात ती यामुळेच. कोशकार मंडळी याला 'बाजारी बोली' म्हणून नाक मुरडतील. मुरडोत. बाजाराचा शब्द बाजारातून घ्यायचा नाही तर काय सचिवालयातून?

अशा काढलेल्या वायदा दराला इंग्रजीत 'इम्प्लाइड' म्हणतात, म्हणजे अध्याहृत. 'उद्या येईन' या वाक्यात 'मी' कुठेही लिहिलेला नसतो, पण क्रियापदातून तो हमखास काढता येतो. तिसऱ्या वर्षाचा दरही कुठल्याच फलकावर नसतो. दोन आणि तीन वर्षांच्या किमतींतून तो काढायचा. ०.८८१४ ला ०.८१५२ नं भागा: १.०८१२. हाच तुमचा ८.१२ टक्के. (दुसऱ्या वर्षाचा याच रीतीनं ७.०४ येतो.) रोखे ७ पर्यंतच असताना ८ कुठून आले याचं उत्तर साधं आहे. ६.५२ आणि ७.०५ या सरासऱ्या आहेत. दोन वर्षांची सरासरी तिसऱ्या वर्षानं अर्ध्या टक्क्याहून जास्त वर खेचली, तर त्या एकट्या वर्षाला ७.०५ च्या वर आणखी टक्काभर द्यावाच लागतो.

हा करार कसा, तेही पाहा. तुम्हाला दोन वर्षांनी १०० रुपये मिळणार आहेत आणि ते एक वर्षासाठी गुंतवायचेत. आज दोन वर्षांची १०० रुपयांची चिठ्ठी विका, हातात ८८.१४ येतील. त्या पैशांत तीन वर्षांच्या चिठ्ठ्या घ्या, ०.८१५२ च्या भावानं १०८.१२ रुपयांच्या येतात. आज खिशातून काही गेलं नाही. दोन वर्षांनी १०० द्यायचे, तिसऱ्या वर्षअखेर १०८.१२ घ्यायचे. मधल्या काळात रिझर्व्ह बँक दर ५ वर आणो की १० वर नेवो, तुमचा ८.१२ जागचा हलत नाही. कुणाचंही भाकीत खरं ठरायची गरज पडली नाही. प्रत्यक्षात आपल्याकडे सुट्या केलेल्या चिठ्ठ्या, म्हणजे स्ट्रिप्स, २०१० पासून असल्या तरी त्यांत उलाढाल फारशी नसते आणि शॉर्ट विक्री, म्हणजे हाती नसलेला रोखा विकणं, प्रत्येकाला करता येत नाही. म्हणून हे काम स्वॅपमधून, म्हणजे स्थिर आणि बदलत्या व्याजाच्या अदलाबदलीतून होतं, आणि २०२५ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सरकारी रोख्यांच्या थेट फॉरवर्ड करारांतूनही.

'पण बाजाराची अपेक्षाच त्यात उतरते ना?' असं विचारणारे पंडित भेटतात. थोडी उतरते. पण त्यासोबत लांब मुदतीला पैसा अडकवण्याचा मोबदलाही उतरतो, आणि दोन्ही एकाच आकड्यात असे मिसळलेले असतात की किमतींवरून वेगळे करता येत नाहीत. फामा आणि ब्लिस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये अमेरिकी सरकारी रोख्यांवर ताडून पाहिलं. वर्षभरानंतरच्या दरातला बदल सांगायला वायदा दर जवळजवळ कुचकामी निघाले. लांब मुदतीच्या रोख्यांवर जास्तीचा परतावा मिळेल का, हे मात्र वायदा दरांनी बऱ्यापैकी सांगितलं. तीन-चार वर्षांनंतर व्याजदरांचं काय होईल यात वायदा दरांना बऱ्यापैकी गती दिसली, पण तुमच्या लेखातल्यासारखं छातीठोक 'येतो' म्हणण्याइतकी नव्हे.

शेवटी एक व्यावहारिक सूचना, कारण तुम्ही हे गणित करून पाहणार असं दिसतंय. वायदा दर फार नाजूक असतो. समजा तीन वर्षांचा रोखा रोज विकला जात नाही आणि तुम्हाला मिळालेला भाव १०० ऐवजी ९९.७५ आहे. फरक पंचवीस पैशांचा. तीन वर्षांचा हजर दर ७.०५ वरून ७.१५ होतो, म्हणजे दशांश टक्का. वायदा दर मात्र ८.१२ वरून ८.४३ वर उडी मारतो, तिप्पट. कारण तिन्ही वर्षांच्या सरासरीतली चूक एकट्या तिसऱ्या वर्षाच्या माथी येते. चौथ्या वर्षाचा रोखा बरोबर असेल तर त्या वर्षाचा वायदा दर उलट तेवढाच खाली कोसळेल. म्हणून वायदा दरांचा आलेख करवतीच्या दातांसारखा वरखाली दिसला तर 'बाजाराला धाकधूक आहे' वगैरे निबंध लिहू नका. ज्या वर्षी दात वर गेला त्या वर्षाचा रोखा शोधा. त्याचा शेवटचा सौदा कधीचा आहे ते बघा. फलकावरच्या भावात गेल्या कूपनपासून साचलेलं व्याज धरलेलं नसतं, ते तुम्ही मिळवलं का ते बघा. आणि पुढच्या वर्षाच्या रुपयाची किंमत आधीच्या वर्षापेक्षा जास्त आली, तर वायदा दर उणे आलाय. आपल्या रोख्यांत असं दिसलं तर बहुतेक वेळा कुठलातरी भाव चुकीच्या ओळीत टाकलेला असतो.