गुडघा बरा झाला, पण वळायची भीती जात नाही

“मॅडम, उजव्या गुडघ्यातल्या एसीएल या लिगामेंटचं ऑपरेशन होऊन दहा महिने झाले. डॉक्टर म्हणतात खेळ. पण समोरनं कोण टॅकलला आलं की पाय आपोआप मागं येतो. मी परत खेळू शकेन का?”

हे विचारणारा एका पेठेच्या फुटबॉल टीमचा मिडफिल्डर, वय बावीस. भीती मनाची समजण्याआधी मी त्याच्या फिजिओशी बोलले. एका पायावरच्या उडीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपुढे गेला होता, सूज नव्हती, गुडघा सटकत नव्हता. हे नसतं तर भीती खरं सांगत होती असंच मी धरलं असतं आणि त्याला थांबवलं असतं.

मग त्याला विचारलं, “दुखापत झाली तो क्षण सांग.” तो सांगताना अडखळला. शाहू स्टेडियमवर मॅच होती. चेंडू घेऊन उजवा पाय रोवला, डावीकडे वळला आणि आतून ‘कट्’ झालं. जवळ कोणीच नव्हतं. एसीएल पुष्कळदा असाच, धक्क्याशिवाय तुटतो. वर्षभर तो टॅकलला घाबरत होता, पण टॅकलनं त्याचं काही केलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर त्याला पळताना पाहिलं. उजवीकडे तो जागच्या जागी वळायचा, डावीकडे मात्र बैलगाडीसारखा मोठा वळसा घ्यायचा. त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. टॅकलवाला जवळ आला की पटकन वळावं लागतं, म्हणून पाय मागं यायचा.

आम्ही तेवढंच एक वळण धरलं. आधी चालत, खुणेच्या डब्याभोवती डावीकडे. मग पळत. मग मित्रानं ओरडून दिशा सांगायची, कारण आधी ठरलेलं वळण आणि अचानक आलेलं वळण यांत मोठा फरक असतो. शेवटी अंगावर येणारा खेळाडू. दर वेळी वळण्याआधी तो वहीत दोन गोष्टी लिहायचा: भीती दहापैकी किती आणि काय होईल असं वाटतंय. वळून झालं की खरं काय झालं ते. पहिल्या दिवशी त्यानं ‘८, परत तुटणार’ असं लिहिलं. भीती निम्म्यावर आल्याशिवाय पुढची पायरी नाही, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर वही बाजूला ठेवून फिजिओकडे जायचं.

तिसऱ्या आठवड्यात तो अडकला. आकडा खाली येईना. मग कळलं, फिजिओनं नको म्हणूनही तो नीकॅप घालूनच सराव करत होता. काही झालं नाही ते नीकॅपमुळेच, असं मन समजत होतं. ती काढल्यावर भीती चारवरून सातवर गेली. पुन्हा चालण्यापासून सुरुवात केली.

पुढं सराव सामन्यात तो शेवटची पंधरा मिनिटं उतरला. मी फक्त डावीकडची वळणं मोजत होते. सहा झाली. त्यातल्या दोनांत वळसा अजून मोठाच होता. सोमवारी त्या दोनांवरच काम सुरू केलं.